ढग आला की एमपीपीटी कंट्रोलर नेमकं काय करतो?

प्रश्न: शेतावरच्या खोलीसाठी ३३५ वॅटचं ७२ सेलचं एक पॅनेल, १२ व्होल्टची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी आणि एमपीपीटी चार्ज कंट्रोलर बसवला आहे. भर उन्हात स्क्रीनवर पॅनेलचं व्होल्टेज ३० ते ३३ च्या मध्ये सारखं हलत असतं, पॅनेलच्या स्टिकरवर मात्र ३७.८ लिहिलंय. ढग येऊन गेला की कधी कधी वॅट लगेच परत चढत नाहीत. दुपारी ऊन कडक असूनही फक्त ६० वॅट दिसतात. हा कंट्रोलर जास्तीत जास्त पॉवरचा बिंदू शोधतो तरी कसा, आणि माझा बिघडलाय का?

उत्तर:

व्होल्टेजचं हलणं आणि दुपारचे ६० वॅट, या दोन्हींत बहुधा बिघाड नाही. ढगानंतर वॅट न चढणं तेवढं तपासायला हवं. पण आधी ते ३७.८ बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

स्टिकरवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश आणि दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन असताना मोजलेले असतात. आपल्याकडे ही जोडी क्वचितच जुळते. हवा ३५ अंश असली तर त्या उन्हात सेल सुमारे ६६ अंशांपर्यंत तापतात, म्हणजे स्टिकरच्या हिशेबापेक्षा ४१ अंश जास्त. जास्तीत जास्त पॉवर ज्या व्होल्टेजला मिळते, ते व्होल्टेज प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के खाली येतं. ४१ अंशांना १६ टक्के गेले, आणि ३७.८ चे उरले ३१.६. करंट जवळपास तेवढाच, ८.९ अँपिअर, राहतो. म्हणून ३३५ वॅटचं पॅनेल भर दुपारी २८० वॅटच्या आसपास देतं. तुमचा कंट्रोलर ३० आणि ३३ च्या मध्ये फिरतोय म्हणजे तो अगदी योग्य जागी आहे.

आता उन्हाचा भाग. ऊन कमी-जास्त झालं की पॅनेलचा करंट त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. ऊन पाचव्या हिश्श्यावर आलं की करंटही ८.९ वरून १.८ वर. व्होल्टेजचं तसं नाही. तुमच्या पॅनेलवर दाट ढग आला तर पॉवरच्या बिंदूचं व्होल्टेज पहिल्या क्षणी ३१.६ वरून जेमतेम एखादा व्होल्ट खाली येतं. मग पाच-दहा मिनिटांत पॅनेल थंड होत जातं आणि तेच व्होल्टेज उलट वर सरकून ३४ च्या आसपास स्थिरावतं. कंट्रोलर उन्हाच्या मागे धावतो असा समज आहे, पण बहुतेक वेळ त्याला धावावं लागतच नाही. ढग आला तरी व्होल्टेज आहे तिथे धरून ठेवलं तर त्या उन्हात मिळण्यासारखी जवळजवळ सगळी पॉवर मिळत राहते. खरा बदल तापमानामुळे होतो, आणि तो सावकाश होतो.

व्होल्टेज धरून ठेवतो म्हणजे काय करतो? आत मॉस्फेट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याच्यापुढे तांब्याच्या तारेची जाड कॉइल असते. मॉस्फेट एकूण वेळेपैकी जितका भाग चालू असतो त्याला ड्यूटी म्हणतात. नीट चालणाऱ्या अवस्थेत हिशेब सरळ आहे: पॅनेलवरचं व्होल्टेज म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज भागिले ड्यूटी. बॅटरी १३.२ व्होल्टवर असेल आणि ड्यूटी ०.४२ असेल, तर पॅनेल ३१ च्या थोडं वर बसतं. ड्यूटी ०.४४ केली की ३० वर उतरतं, ०.४० केली की ३३ वर चढतं. बॅटरी जागची फारशी हलत नाही, म्हणून ती खुंटा आणि ड्यूटी ही दोरी. कंट्रोलरच्या हातात एवढं एकच बटण आहे.

आता ते बटण किती फिरवायचं हे त्याला कसं कळतं? त्याच्याकडे ऊन मोजायचं साधन नाही आणि तुमचं पॅनेल कुठलं हेही त्याला ठाऊक नाही. तो फक्त पॅनेलचं व्होल्टेज आणि करंट मोजतो, गुणाकार करतो, व्होल्टेज थोडं हलवतो आणि पुन्हा मोजतो. वॅट वाढले तर त्याच दिशेने आणखी एक पाऊल, घटले तर मागे. बहुतेक कंट्रोलरच्या पोटात याच युक्तीचं कुठलं ना कुठलं रूप असतं. तिचा गाभा इतकाच, यात vRef म्हणजे पॅनेलवर धरायचं व्होल्टेज आणि STEP म्हणजे एक पाऊल:

```c
p = v * i;
dP = p - pOld;
dV = v - vOld;
if (dP * dV > 0) vRef += STEP;
else             vRef -= STEP;
pOld = p;
vOld = v;
```

तुमच्या तापलेल्या पॅनेलवर हे आकड्यांत बघा. ३० व्होल्टला करंट साधारण ९.१५ अँपिअर, म्हणजे २७४ वॅट. ३१.६ ला ८.९ अँपिअर, २८१ वॅट. ३३ ला ८.३ अँपिअर, पुन्हा २७४ वॅट. कंट्रोलर ३० वरून ३१.६ वर गेला, सात वॅट वाढले, म्हणून तो पुढे ३३ वर गेला. तिथे सात वॅट घटले, म्हणून मागे फिरला. शिखरावर, म्हणजे जास्तीत जास्त पॉवरच्या बिंदूवर, थांबलो हे त्याला कधीच कळत नाही, दोन्ही बाजूंना पाऊल टाकूनच ते कळतं. तुम्हाला दिसणारं हलणं म्हणजे हीच येरझार. तिची किंमतही काढता येते: निम्मा वेळ शिखरावर आणि निम्मा वेळ सात वॅट खाली, म्हणजे सरासरी साडेतीन वॅट, सव्वा टक्का. चांगले कंट्रोलर शिखराजवळ आले की पाऊल लहान करतात. अर्ध्या व्होल्टचं पाऊल असेल तर शिखरापासून अर्धा व्होल्ट बाजूला गेल्यावर एक वॅटही पुरता जात नाही. तुमच्या कंट्रोलरचं पाऊल जरा मोठं आहे, एवढंच.

मग पाऊल आणखी लहान का ठेवत नाहीत? कारण शिखर सपाट आहे. पाऊल फार लहान केलं की वॅटमधला फरक मोजमापाच्या चुकीत बुडून जातो. अर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर स्वतः कंट्रोलर बनवणारे नेमके इथे फसतात. एसीएस७१२ हा करंट सेन्सर, २० अँपिअरचा, दर अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देतो. अर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे सगळ्यात लहान पायरी सुमारे ०.०५ अँपिअरची. ३१.६ व्होल्टला ती एक पायरी दीड वॅटची झाली. अर्ध्या व्होल्टच्या पावलाने शिखराजवळ पाऊण वॅटचा फरक पडतो, आणि मोजपट्टीची सगळ्यात लहान खूण दीड वॅटची. सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वेगळाच. असा कंट्रोलर शोधत नसतो, नाणं उडवत असतो. उपाय म्हणजे प्रत्येक निर्णयाआधी शे-दोनशे वेळा मोजून सरासरी घ्यायची, आणि ड्यूटी बदलल्यावर कॉइल-कपॅसिटर स्थिर होईपर्यंत थांबून मगच मोजायचं. पहाटे आणि दाट ढगात करंट एक-दोन अँपिअरवर येतो, तेव्हा ही चूक टक्केवारीत आणखी मोठी होते. म्हणून काही कंट्रोलर अशा वेळी शोध बंद करून व्होल्टेज एका ठरावीक जागी धरून ठेवतात, आणि तो शहाणपणाच आहे.

आता ढगाकडे. वरची युक्ती एक गोष्ट गृहीत धरते: वॅट बदलले ते माझ्या पावलामुळे. ऊन स्थिर असेल तर ते खरं. ढग सरकत असेल तर खोटं.

ढग येताना फारसं बिघडत नाही, हे पटकन लक्षात येत नाही. ऊन घटत असताना कंट्रोलर कुठल्याही दिशेला पाऊल टाको, वॅट घटलेलेच दिसतात. म्हणून तो दर वेळी मागे फिरतो आणि जागच्या जागीच डावं-उजवं करत राहतो. आणि जागच्या जागी राहणं हेच त्या वेळी योग्य असतं.

गडबड होते ढग जाताना. समजा पाच सेकंदांत ऊन ३०० वरून ९०० वर गेलं. पॅनेलची पॉवर त्या वेळात साधारण ८५ वरून २५० वॅटवर जायला हवी, म्हणजे सेकंदाला ३३ वॅट. कंट्रोलर दर अर्ध्या सेकंदाला पाऊल टाकत असेल तर प्रत्येक पावलागणिक १६ वॅट नुसत्या उन्हाने वाढतात. त्याच्या पावलाने चार वॅट घटले तरी त्याला बारा वाढलेलेच दिसतात. तो खूश होऊन त्याच दिशेला चालत सुटतो. ऊन चढत असताना पहिलं पाऊल कुठल्या बाजूला पडलं होतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

उजवीकडे, म्हणजे जास्त व्होल्टेजकडे, पडलं असेल तर तो लवकर सावरतो. तिकडे उतार खडा आहे. ३५ व्होल्टच्या पुढे अर्ध्या व्होल्टमागे पंधरा-सोळा वॅट जायला लागतात, उन्हाची वाढ आणि पावलाचं नुकसान एकमेकांना खातात, आणि तो वळतो. डावीकडे मात्र उतार मंद आहे. तिथे अर्ध्या व्होल्टला चार-पाच वॅट, त्यामुळे उन्हाच्या वाढीत ते दिसतच नाहीत. दहा पावलांत तो ३१.६ वरून २६ च्या घरात उतरू शकतो, जिथे २८१ ऐवजी २४० च्या आसपास वॅट मिळतात. ऊन स्थिर झालं की पुन्हा तेवढीच पावलं मागे टाकावी लागतात. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, तुटक ढगांच्या दिवशी हे तासाभरात वीस वेळा होऊ शकतं.

यावर सगळ्यात सोपा इलाज वेगाचा आहे. सेकंदाला दोन ऐवजी वीस पावलं टाकली तर उन्हाने होणारी वाढ पावलागणिक दीड वॅटवर येते आणि पावलाचा परिणाम वेगळा दिसतो. दुसरा इलाज चलाख आहे: पाऊल टाकायच्या आधी, काहीही न हलवता, एकदा जास्तीचं मोजायचं. त्या मधल्या वेळात जे वाढलं ते उन्हाचं. तेवढं वजा केलं की उरलं ते पावलाचं. तिसरा प्रकार वॅटची तुलना न करता उतार बघतो. शिखरावर करंटमधला बदल भागिले व्होल्टेजमधला बदल हा आकडा करंट भागिले व्होल्टेज या आकड्याइतका, पण उलट चिन्हाचा असतो. तुमच्या पॅनेलवर ८.९ भागिले ३१.६ म्हणजे ०.२८, आणि ३० ते ३३ च्या दरम्यान करंट ०.८५ ने घटला, भागिले ३, म्हणजे उणे ०.२८. जुळलं, म्हणजे शिखर. जाहिरातींत हा प्रकार ढगांवरचा रामबाण म्हणून सांगतात, ते जरा अति आहे. दोन मोजण्यांच्या मध्ये ऊन बदललं तर त्याचाही उतार चुकतो. वेग आणि मोजमाप चांगलं असेल तर साधी युक्तीही तितकंच काम देते.

म्हणून ढगानंतर वॅट चढायला तीन-चार सेकंद लागत असतील तर सोडून द्या. मिनिट-दोन मिनिटं लागत असतील तर कंट्रोलर संथ आहे, पण बिघडलेला नाही. पाच मिनिटांनीही वॅट निम्म्यावरच अडकलेले असतील तर कारण ढग नसून बहुधा सावली आहे.

७२ सेलच्या पॅनेलमध्ये २४-२४ सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला मागच्या डबीत एक बायपास डायोड. झाडाची फांदी, पाण्याच्या टाकीचा पाइप, अगदी एकच सेल झाकणारं सागाचं पान पुरतं, त्या गटाचा करंट कोसळतो. मग पॅनेलला एकाऐवजी दोन शिखरं येतात. एका गटावर ३० टक्केच ऊन पोचतंय असं धरा. पहिलं शिखर ३५ व्होल्टजवळ असतं, तिथे तिन्ही गट चालतात पण सावलीतल्या गटाच्या करंटने, २.८ अँपिअरने. म्हणजे ९८ वॅट. दुसरं शिखर २०.५ व्होल्टला. तिथे सावलीतला गट डायोडने बाजूला काढलेला असतो आणि उरलेले दोन पूर्ण ८.९ अँपिअर देतात, म्हणजे १८२ वॅट. मध्ये दरी. एक-एक पाऊल टाकणारा कंट्रोलर ३५ च्या टेकडीवर चढून बसला की त्याला दरीपलीकडचं दिसत नाही.

हे ओळखायची पद्धत सोपी आहे. पॅनेलकडचा डीसी एमसीबी बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि परत चालू करा. बॅटरीची वायर काढू नका. पॅनेल जोडलेलं असताना बॅटरी निघाली तर कंट्रोलर किंवा त्यावर चालणारी उपकरणं जळू शकतात. परत चालू झाल्यावर बरेच कंट्रोलर उघड्या, म्हणजे करंट शून्य असतानाच्या, व्होल्टेजपासून, तुमच्याकडे ४० च्या आसपासपासून, खालपर्यंत सगळी रेषा झाडून बघतात. झाडून झाल्यावर व्होल्टेज २०-२१ वर स्थिरावलं आणि वॅट ९८ वरून १८० वर गेले, तर कंट्रोलर चुकीच्या टेकडीवर अडकला होता हे नक्की. काही कंट्रोलर दर ठरावीक मिनिटांनी आपण होऊन अशी झाडणी करतात. त्या वेळी दोन-तीन सेकंद वॅट पडलेले दिसतात, ते बघून घाबरू नका. एक मर्यादा मात्र आहे: हाच पॅनेल २४ व्होल्टच्या बॅटरीला लावला असता तर २०.५ चं शिखर कुठल्याही झाडणीने हाती लागलं नसतं, कारण या प्रकारचा कंट्रोलर व्होल्टेज फक्त उतरवतो, चढवत नाही. फांदी छाटणं हाच तिथला इलाज.

सावली नाही आणि झाडणीनंतरही वॅट तेवढेच, तर कंट्रोलर खरंच एमपीपीटी आहे का ते बघा. बाजारात ही अक्षरं छापलेले साधे पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडून नुसतं चालू-बंद करणारे, सर्रास मिळतात. सकाळी दहाच्या सुमारास, बॅटरी रिकामी असताना, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आधी पॅनेलच्या वायरवर आणि मग बॅटरीच्या वायरवर लावा. साधा एसीचा क्लॅम्प इथे चालत नाही. खऱ्या एमपीपीटीत बॅटरीकडचा करंट जास्त दिसतो: २८१ वॅटमधून पाच टक्के कंट्रोलरमध्ये गेले, उरले २६७, भागिले १३.२, म्हणजे २० अँपिअर, आणि त्याच वेळी पॅनेलच्या वायरवर ८.९. दोन्हीकडे नऊच अँपिअर आणि पॅनेलचं व्होल्टेजही १३-१४, तर आत कॉइलच नाही. तुमच्या स्क्रीनवर ३० ते ३३ दिसतंय, तेव्हा ही शंका तुमच्या बाबतीत नाही. पण तुमचा कंट्रोलर २० अँपिअरचा असेल तर तो भर दुपारी काठावर चालतोय. तापला की तो स्वतःच करंट कमी करतो, आणि हे करताना पॅनेलचं व्होल्टेज उजवीकडे, ३५-३६ कडे, ढकलतो. पत्र्याच्या खोलीत भिंतीला चिकटून, हवा न खेळणाऱ्या जागी लावला असेल तर आधी तो हलवा.

राहिले ते ६० वॅट. बॅटरी भरत आली की कंट्रोलर १४.४ व्होल्टवर थांबून तेवढाच करंट देतो जेवढा ती घेईल. ती चार अँपिअर घेत असेल तर हिशेब ५८ वॅटचा, आणि पॅनेलकडून तो ६० वॅटच उचलतो. त्यासाठी तो ड्यूटी कमी करून मुद्दाम शिखर सोडतो आणि पॅनेलला ३९ व्होल्टच्या आसपास, उजव्या उतारावर, नेऊन ठेवतो. तिथे करंट दीड अँपिअर. उरलेले दोनशे वॅट वाया जात नाहीत, ते पॅनेलमधून काढलेच जात नाहीत.

खात्री करायची तर त्याच वेळी इन्व्हर्टरवर दोनशे वॅटचं काहीतरी लावा, दोन-तीन पंखे चालतील. पॅनेलचं व्होल्टेज काही सेकंदांत ३९ वरून ३२ कडे घसरलं आणि वॅट अडीचशेच्या जवळ गेले, तर शोध व्यवस्थित चालू आहे. वॅट ६० वरच राहिले, बॅटरीचं व्होल्टेज १३ च्या खाली पडलं आणि पॅनेलचं ३९ वरच राहिलं, तर कंट्रोलर किंवा त्याची सेटिंग्ज बघायला हवीत: बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडला आहे का, आणि कमाल चार्जिंग करंट कुणी चार-पाच अँपिअरवर बांधून ठेवलाय का.